दीर्घ आजारामुळे हजेरी कमी पडली: प्राचार्यांना लिहायच्या अर्जाविषयी मार्गदर्शन हवे आहे

जावळीकन्या
सर्वांना नमस्कार. मी साताऱ्यातील एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकते आणि मेढ्याजवळच्या गावातून रोज एसटीने ये-जा करते. ४ ऑगस्टला मला ताप आला आणि दोन दिवसांत डोळे पिवळे झाले. आमच्या भागात काविळीला आधी झाडपाल्याचे औषध देतात, त्याप्रमाणे १२ ऑगस्टपर्यंत ते घेतले. उलट्या थांबेनात म्हणून १३ ऑगस्टला साताऱ्याच्या रुग्णालयात दाखल झाले, २० ऑगस्टला घरी सोडले आणि १७ सप्टेंबरच्या तपासणीनंतर कॉलेजला जाण्याची परवानगी मिळाली. १८ सप्टेंबरपासून मी एकही दिवस चुकवलेला नाही.

काल सूचनाफलकावर कमी उपस्थितीची यादी लागली आणि त्यात माझे नाव आहे. सत्रात तासिका व प्रात्यक्षिके मिळून २८० झाली, त्यांपैकी माझी उपस्थिती १७६, म्हणजे ६२.८६ टक्के. चार दिवसांत लेखी अर्ज द्यायचा आहे. मी लिहिलेला मसुदा असा:

"मा. प्राचार्य महोदय, मी आपल्या महाविद्यालयाची प्रामाणिक विद्यार्थिनी असून माझी परिस्थिती अत्यंत गरिबीची आहे. मी सुमारे दीड महिना खूप आजारी होते. तरी माझे वर्ष वाया जाऊ नये म्हणून सहानुभूतिपूर्वक विचार करून मला परीक्षेस बसू द्यावे, ही नम्र विनंती."

पहिल्या नऊ दिवसांचा माझ्याकडे कोणताही कागद नाही. ते दिवस अर्जात कसे दाखवावेत, हा माझा मुख्य प्रश्न आहे.

वाळव्याचा_विनायक
ताई, काळजी करू नका. वैद्यकीय कारण असेल तर ते दिवस एकूण तासिकांमधून वजा करतात, त्यामुळे तुमची हजेरी आपोआपच नव्वदच्या वर जाईल. दाखला जोडला की प्राचार्यांना अर्ज मंजूर करावाच लागतो. माझ्या भावाचे इस्लामपूरला असेच झाले होते. पहिल्या नऊ दिवसांसाठी गावातल्या ओळखीच्या डॉक्टरांकडून मागील तारखेचा दाखला घ्या, म्हणजे प्रश्नच मिटला.

निवृत्त_कार्यालयीन_अधीक्षक
सांगलीकडील एका महाविद्यालयाच्या कार्यालयात माझी ३१ वर्षे सेवा झाली आणि दर सत्राअखेर असे अर्ज माझ्या टेबलावरून प्राचार्यांकडे जात असत. विनायकराव, आपण चांगल्या भावनेने लिहिले आहे, पण त्यातील दोन गोष्टी या मुलीला अडचणीत आणतील, म्हणून स्पष्ट लिहितो.

आजारपणाचे दिवस एकूण तासिकांतून वजा होत नाहीत. अर्ज मंजूर झाला तरी तिची उपस्थिती ६२.८६ टक्केच राहते, हजेरीपटात कोणीही तिला हजर मांडत नाही. मंजुरी म्हणजे आवश्यक ७५ टक्क्यांपेक्षा जी तूट आहे ती विशेष कारणासाठी क्षमापित करणे, एवढेच. २८० चे ७५ टक्के म्हणजे २१०. तिची उपस्थिती १७६. म्हणजे तूट ३४ तासिकांची आहे. अर्ज या ३४ तासिकांसाठी करायचा आहे. बहुतेक विद्यार्थी "दीड महिन्याची गैरहजेरी माफ करावी" असे लिहितात आणि प्राचार्यांपुढे १०४ चा आकडा उभा राहतो. प्रत्यक्षात त्यांनी माफ करायचे आहे ते त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढेच.

दुसरे असे की, ही सवलत हक्क म्हणून मिळत नाही. विद्यापीठाच्या नियमाने प्राचार्यांना जेवढा अधिकार दिला आहे तेवढ्याच मर्यादेत ते निर्णय घेऊ शकतात आणि ती मर्यादा अभ्यासक्रमागणिक बदलते. म्हणून आपल्या महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेतील उपस्थितीचा नियम आधी वाचावा आणि शक्य असेल तर त्याचा क्रमांक अर्जात घालावा.

मागील तारखेच्या दाखल्याविषयी मी नंतर सविस्तर लिहितो. तोपर्यंत, जावळीकन्या, एवढे कळवा: आजाराच्या काळात नेमक्या किती तासिका झाल्या, त्यांपैकी पहिल्या नऊ दिवसांत किती आणि १३ ऑगस्टनंतर किती? वर्गशिक्षकांकडील हजेरीपटावरून हे सहज निघते.

मिरजकर_आजोबा
माझा नातू बारावीला आहे आणि डेंग्यूमुळे तो बारा दिवस शाळेत गेला नाही. त्यासाठी हाच अर्ज चालेल काय, की मंडळाकडे पाठवावा लागेल?

निवृत्त_कार्यालयीन_अधीक्षक
आजोबा, बारावीची व्यवस्था विद्यापीठाच्या नियमांखाली येत नाही. तिथे राज्य मंडळाचे नियम लागू होतात. शिवाय वर्षभराच्या कामकाजात बारा दिवसांनी बहुधा तूटच पडणार नाही. आधी कनिष्ठ महाविद्यालयाच्या कार्यालयात नातवाची टक्केवारी पाहून घ्यावी. केवळ आजारपणाच्या रजेचा अर्ज वर्गशिक्षकांकडे दिलेला असला तरी पुरेल.

कराडचा_वैद्य
मी कराडमध्ये वैद्यकीय व्यवसाय करतो. मागील तारखेच्या दाखल्याच्या सूचनेवर लिहिणे मला आवश्यक वाटते. ज्या रुग्णाला मी त्या दिवशी तपासलेच नाही, त्याला त्या दिवसाचा दाखला मी देऊ शकत नाही. दिलेल्या प्रत्येक दाखल्याची नोंद डॉक्टरांनी स्वतंत्र नोंदवहीत ठेवावी, त्यात रुग्णाची ओळखीची खूण लिहावी आणि दाखल्याची प्रत जपावी, असा वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांतच उल्लेख आहे. दाखल्यावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक असावा लागतो. त्यामुळे कॉलेजने त्या डॉक्टरांकडे चौकशी केली तर खोटा दाखला नोंदवहीपाशीच उघडा पडतो आणि मग खऱ्या दिवसांवरही विश्वास राहत नाही.

पण जावळीकन्येच्या पहिल्या नऊ दिवसांचा पुरावा मुळीच नाही, असे मात्र मला वाटत नाही. रुग्ण दाखल होतो तेव्हा पहिल्या केसपेपरवर तक्रार आणि ती किती दिवसांपासून आहे हे लिहिले जाते. "नऊ दिवसांपासून ताप, सात दिवसांपासून लघवी व डोळे पिवळे, उलट्या" अशा धर्तीची नोंद तिच्याही कागदावर असणार. ही नोंद १३ ऑगस्टला झालेली आहे, तेव्हा हजेरीचा प्रश्न कोणाच्या मनातही नव्हता. म्हणून तिचे मोल नंतर मागून आणलेल्या कोणत्याही दाखल्यापेक्षा जास्त आहे. डिस्चार्ज कार्डावर ही ओळ कधी असते, कधी नसते. नसेल तर रुग्णालयाच्या अभिलेख विभागात अर्ज करून आंतररुग्ण केसपेपरच्या पहिल्या पानाची प्रत मागावी. रुग्णाने मागणी केल्यावर ७२ तासांत कागदपत्रे द्यावीत, असेही त्याच आचारनियमांत आहे. हातात चार दिवस आहेत, म्हणून उद्या सकाळीच जावे.

आणखी एक. काविळीत बिलिरुबिनचे अहवाल जपून ठेवलेले असतील तर तेही जोडावेत. त्यांवर तारखा असतात आणि आकडा हळूहळू उतरताना दिसतो, त्यामुळे घरी सोडल्यानंतरही विश्रांती का घ्यावी लागली हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

जावळीकन्या
डॉक्टर, अहवाल सगळे आहेत. दाखल झाले तेव्हा बिलिरुबिन ११.४ होते, सोडताना ७.२, ३ सप्टेंबरला ३.१ आणि १७ सप्टेंबरला १.१. डिस्चार्ज कार्डावर फक्त तारखा, निदान आणि "विश्रांती व फेरतपासणी" एवढेच लिहिले आहे, किती दिवस विश्रांती ते लिहिलेले नाही.

अधीक्षक काका, वर्गशिक्षकांनी हजेरीपट दाखवला. ४ ते १२ ऑगस्ट या काळात २० तासिका झाल्या आणि १३ ऑगस्ट ते १७ सप्टेंबर या काळात ७२. बाकी १२ तासिका मी इतर वेळी चुकवल्या, त्यांतल्या बहुतेक जुलैमध्ये पावसाने एसटी उशिरा पोहोचल्यामुळे पहिल्या तासाच्या आहेत.

निवृत्त_कार्यालयीन_अधीक्षक
बाळ, आता तुझा अर्ज उभा राहिला असे समज. हे आकडे नीट पाहा, कारण तुला ज्या नऊ दिवसांची धास्ती वाटते आहे त्यांच्यावर तुझा अर्ज मुळीच अवलंबून नाही.

ज्या दिवसांचे कागद तुझ्या हातात आहेत, त्या काळात ७२ तासिका बुडाल्या. तूट आहे ३४ ची. म्हणजे कागदोपत्री सिद्ध होणारी गैरहजेरी तुटीच्या दुपटीहूनही अधिक आहे. पहिल्या नऊ दिवसांतील २० तासिका प्राचार्यांनी अजिबात विचारात घेतल्या नाहीत तरी तुझे कारण पूर्ण पडते.

दुसरा हिशेब तुझ्या नियमितपणाचा. २८० मधून ७२ वजा केल्या तर २०८ उरतात आणि त्यांतील १७६ ला तू हजर होतीस, हे प्रमाण ८४.६ टक्के. आजाराच्या सगळ्या ९२ तासिका वजा केल्या तर १८८ पैकी १७६, म्हणजे ९३.६ टक्के. अर्जात ८४.६ हाच आकडा लिही. ९३.६ मोठा दिसतो, पण त्यात बिनकागदाचे नऊ दिवस मिसळलेले आहेत आणि कोणी त्यावर बोट ठेवले तर सगळ्याच हिशेबावर शंका येते. हा आकडा म्हणजे तुझी उपस्थिती नव्हे, हेही त्याच वाक्यात स्पष्ट असू दे. प्रकृती ठीक असताना तू नियमित होतीस, एवढेच दाखवण्यासाठी तो आहे.

कागदांत एकच खरी फट मला दिसते. २० ऑगस्टला घरी सोडले आणि १७ सप्टेंबरला तंदुरुस्तीचा दाखला मिळाला, या मधल्या चार आठवड्यांत "विश्रांती" किती दिवस, ते कोणीच लिहिलेले नाही. माझ्या टेबलावर सर्वाधिक अर्ज याच ठिकाणी अडत. विद्यार्थी आठ दिवसांचे डिस्चार्ज कार्ड जोडतो आणि दीड महिन्याची सवलत मागतो. तू ज्या डॉक्टरांकडे फेरतपासणीला जात होतीस त्यांच्याकडून आजच्या तारखेचा दाखला घे. त्यात त्यांनी तुला ३ सप्टेंबर व १७ सप्टेंबरला तपासले, आणि २० ऑगस्टपासून १७ सप्टेंबरपर्यंत विश्रांतीचा सल्ला दिला होता, असे लिहिलेले असावे. आजची तारीख घालून मागच्या तपासणीविषयी लिहिणे पूर्णपणे योग्य आहे. चूक होते ती दाखल्यावरच मागची तारीख घालण्यात. आणि मसुद्यातील गरिबीचा उल्लेख काढून टाक.

वाळव्याचा_विनायक
अधीक्षक साहेब, माझी समजूत चुकीची होती हे मान्य करतो. भावाची टक्केवारी वाढवली होती असे मला वाटत असे, आता विचारले तेव्हा कळले की त्यालाही फक्त परीक्षेला बसू दिले होते, निकालाच्या वेळी उपस्थितीचा स्तंभ जसा होता तसाच होता. पण एक विचारतो. गरिबीचा उल्लेख का काढायचा? प्राचार्यही माणूसच असतात.

निवृत्त_कार्यालयीन_अधीक्षक
माणूस असतात, म्हणूनच त्यांना निर्णय घेण्यासाठी आधार लागतो. अर्ज मंजूर केल्यावर उद्या कोणी विचारले की यादीतील इतरांना नाकारून हिलाच का सवलत दिली, तर त्यांना फाइलमधील कागदावर बोट ठेवता आले पाहिजे. गरिबी यादीतल्या अर्ध्या मुलांची आहे. काविळीचे चार तारीखवार अहवाल फक्त हिचे आहेत.

रसायनाची_प्राध्यापिका
आतापर्यंतच्या चर्चेत एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाले आहे आणि विज्ञान शाखेत तीच सर्वांत महत्त्वाची आहे. तासिकांची तूट क्षमापित झाली तरी न केलेले प्रयोग केले असे होत नाही. जर्नल प्रमाणित झाल्याशिवाय आम्ही विद्यार्थ्याला प्रात्यक्षिक परीक्षेला बसवत नाही आणि न केलेल्या प्रयोगावर सही करणे कोणत्याही शिक्षकाला शक्य नाही. प्राचार्यांनी अर्ज मंजूर केला, लेखी परीक्षेचा मार्ग मोकळा झाला आणि मुलगा प्रात्यक्षिकाच्या दिवशी अपूर्ण जर्नल घेऊन उभा राहिला, असे मी स्वतः पाहिले आहे. जावळीकन्या, आपले किती प्रयोग राहिले आहेत?

माझे आणखी एक मत आहे. झाडपाल्याच्या औषधाचा उल्लेख अर्जात करू नये. विचारले तर खरे सांगावे, पण स्वतःहून लिहून प्राचार्यांच्या मनात "आधीच डॉक्टरांकडे का नेले नाही" असा वेगळाच विषय का निर्माण करावा?

जावळीकन्या
मॅडम, रसायनशास्त्राचे बारापैकी पाच प्रयोग राहिले आहेत. भौतिकशास्त्राचे माझ्या तुकडीचे वार वेगळे असल्याने दोनच राहिले. वनस्पतिशास्त्राच्या सरांनी मागच्याच आठवड्यात दुसऱ्या तुकडीबरोबर बसवून सगळे पूर्ण करून घेतले.

रसायनाची_प्राध्यापिका
मग अर्जात ही दुसरी विनंती स्वतंत्र परिच्छेदात करा. प्रयोग माफ करा असे लिहू नका, दुसऱ्या तुकडीबरोबर ते पूर्ण करण्याची परवानगी मागा. पाच प्रयोग म्हणजे आमच्याकडे दोन आठवड्यांचे काम, कारण अनुमापनासारखे दोन लहान प्रयोग एका दिवसात बसवता येतात. सत्र संपायला तेवढा वेळ आहे का, हे आधी विभागप्रमुखांना विचारा आणि त्यांनी दिलेले वार अर्जात लिहा. माझ्या मते विभागप्रमुखांना यासाठी वेगळा अर्जच द्यावा.

निवृत्त_कार्यालयीन_अधीक्षक
प्रयोगांचा मुद्दा बाईंनी अगदी योग्य वेळी आणला, तो माझ्याकडून राहिला होता. मात्र वेगळ्या अर्जाविषयी माझे मत भिन्न आहे. एकच अर्ज "विभागप्रमुख यांचेमार्फत" असा करावा, म्हणजे त्यांची शिफारस त्याच कागदावर येते. दोन अर्ज झाले की एक कार्यालयात आणि एक विभागात राहतो आणि प्राचार्यांपुढे शिफारस पोहोचतच नाही.

झाडपाल्याविषयीही मी बाईंशी सहमत नाही. केसपेपरवर नऊ दिवसांपासून ताप असल्याचे लिहिलेले असेल आणि अर्जात त्या नऊ दिवसांत काय केले हे नसेल, तर वाचणारा थांबतोच. एका वाक्यात खरे लिहून पुढे जावे.

सांगलीचा_विधी_विद्यार्थी
माझा अनुभव वेगळा आहे आणि विधी शाखेतील कोणी हा धागा वाचत असेल तर त्याच्या उपयोगी पडेल. मला अपघातानंतर पाय प्लॅस्टरमध्ये असल्यामुळे सात आठवडे जाता आले नाही. कागद सगळे होते, तरी अर्ज नाकारला गेला. आमच्याकडे बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनुसार प्रत्येक विषयात ७० टक्के उपस्थिती लागते आणि विशेष कारण असले तरी त्या विषयात किमान ६५ टक्के व सर्व विषय मिळून ७० टक्के असल्याशिवाय सवलत देता येत नाही. माझी एका विषयात ५८ टक्के होती. प्राचार्यांना माझ्याविषयी सहानुभूती होती, पण त्यांच्या हातात काही नव्हते. त्या निर्णयाचे दुःख अजूनही आहे, मात्र अर्ज करण्यापूर्वी विषयवार टक्केवारी पाहिली असती तर निदान उरलेल्या तीन आठवड्यांत त्या विषयाच्या तासिका मी कोणत्याही परिस्थितीत चुकवल्या नसत्या.

फलटणची_पालक
माझी मुलगी बी.फार्मसीला आहे. तिथे प्रत्येक विषयाला ८० टक्के लागतात आणि लेखी व प्रात्यक्षिक वेगवेगळे मोजतात, हे आम्हाला प्रवेश घेतल्यानंतर दुसऱ्या सत्रात समजले. जावळीकन्येने एकूण टक्केवारी दिली आहे, तिच्या महाविद्यालयात विषयवार पाहतात की एकत्रित?

जावळीकन्या
यादीत एकत्रितच टक्केवारी होती. तरी मी विषयवार आकडे घेतले. रसायनशास्त्रात सर्वांत कमी, ५९ टक्के आहेत, कारण प्रात्यक्षिके बुडाली. पाच प्रयोग पूर्ण झाले की ते वाढतील का, हे कार्यालयात कोणी नक्की सांगितले नाही.

आज सिव्हिलमध्ये जाऊन केसपेपरच्या पहिल्या पानाची प्रत मिळाली. त्यावर "नऊ दिवसांपासून ताप, आठवडाभरापासून डोळे पिवळे, घरगुती वनौषधी घेतली" असे डॉक्टरांनी इंग्रजीत लिहिले आहे. म्हणजे तो उल्लेख कागदावर आधीच आहे, म्हणून अधीक्षक काकांच्या सांगण्याप्रमाणे मीही तो लिहिला. सर्वांच्या सूचनांवरून तयार केलेला अर्ज खाली देते.

"प्रति, मा. प्राचार्य. मार्फत: विभागप्रमुख, रसायनशास्त्र विभाग.

विषय: दीर्घ आजारामुळे उपस्थितीत आलेली ३४ तासिकांची तूट क्षमापित करणेबाबत व राहिलेली प्रात्यक्षिके पूर्ण करण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय, मी बी.एस्सी. द्वितीय वर्षाची विद्यार्थिनी आहे. चालू सत्रात झालेल्या २८० तासिकांपैकी माझी उपस्थिती १७६, म्हणजे ६२.८६ टक्के असून आवश्यक २१० तासिकांपेक्षा ती ३४ ने कमी आहे.

मला ४ ऑगस्टपासून कावीळ झाली होती. १२ ऑगस्टपर्यंत मी गावी वनौषधी घेतली. या काळाचा स्वतंत्र दाखला माझ्याकडे नाही, मात्र रुग्णालयात दाखल होताना केलेली नोंद सोबत जोडली आहे. १३ ते २० ऑगस्ट मी रुग्णालयात दाखल होते आणि त्यानंतर १७ सप्टेंबरपर्यंत वैद्यकीय सल्ल्याने विश्रांती घेत होते. १३ ऑगस्ट ते १७ सप्टेंबर या कालावधीत ७२ तासिका झाल्या. तो कालावधी वगळता उरलेल्या २०८ तासिकांपैकी १७६ ला, म्हणजे ८४.६ टक्के तासिकांना मी उपस्थित होते. १८ सप्टेंबरपासून मी एकही तासिका चुकवलेली नाही.

तरी उपरोक्त ३४ तासिकांची तूट क्षमापित करून मला सत्र परीक्षेस बसण्याची परवानगी द्यावी, ही विनंती.

तसेच रसायनशास्त्राचे पाच व भौतिकशास्त्राचे दोन प्रयोग राहिले असून विभागप्रमुखांनी सुचविल्याप्रमाणे मंगळवार व शुक्रवारच्या तुकडीबरोबर ते पूर्ण करण्यास परवानगी मिळावी.

सोबत केसपेपरचे पहिले पान, डिस्चार्ज कार्ड, बिलिरुबिनचे चार अहवाल, विश्रांतीविषयीचा वैद्यकीय दाखला, तंदुरुस्तीचा दाखला व वर्गशिक्षकांनी सही केलेला हजेरीचा उतारा यांच्या प्रती जोडल्या आहेत."

कराडचा_वैद्य
उत्तम. मूळ अहवाल कोठेही देऊ नका, फक्त पडताळणीसाठी दाखवा. पुढे प्रकृतीची तक्रार झाली तर तुमच्या डॉक्टरांना तेच लागतील.

रसायनाची_प्राध्यापिका
वनौषधीच्या उल्लेखाविषयी माझे मत अजूनही तसेच होते, पण तो केसपेपरवरच असेल तर लपवण्यात अर्थ नाही. भौतिकशास्त्राच्या दोन प्रयोगांसाठी त्या विभागप्रमुखांचीही सही घ्या. रसायनशास्त्राचे विभागप्रमुख दुसऱ्या प्रयोगशाळेची परवानगी देऊ शकत नाहीत.

निवृत्त_कार्यालयीन_अधीक्षक
बाईंची ही सूचना मान्य, माझा एकाच सहीचा आग्रह येथे अपुरा पडला. अर्जाच्या दोन प्रती काढ. एकीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेऊन ती स्वतःकडे ठेव. पुढे परीक्षा अर्जाच्या वेळी यादी संगणकावर जुनीच राहिली तर हाच कागद दाखवावा लागेल.

जावळीकन्या
आज सकाळी दोन्ही विभागप्रमुखांच्या सह्यांसह अर्ज दिला आणि शिक्का मारलेली प्रत घेतली. रसायनशास्त्राच्या सरांनी शिफारशीत "प्रयोग क्र. ४ ते ८ पूर्ण करून घेण्यात येतील" असे स्वतःच्या हाताने लिहिले. यादीतील सर्व अर्ज सोमवारी प्राचार्यांपुढे एकत्र ठेवणार आहेत, असे कार्यालयात सांगितले. निर्णय व्हायचा आहे, तरी सरांनी आजच मंगळवारच्या तुकडीत चौथ्या प्रयोगासाठी माझे नाव घातले आहे.